अडकलेले नोझल काढताना हीटर ब्लॉक कसा सांभाळावा

गेल्या पावसाळ्यात ऐरोलीचा एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी आपला फिलामेंटचा, म्हणजे प्लॅस्टिकची तार वितळवून वस्तू छापणारा, थ्रीडी प्रिंटर घेऊन ठाण्याला माझ्याकडे आला. त्याची तक्रार त्याने एका वाक्यात सांगितली : “काका, नोझल फिरतंय, पण बाहेर येत नाही.” मी खाली वाकून पाहिले तेव्हा लक्षात आले, की नोझल मुळीच फिरत नव्हते. त्याच्यासकट अख्खा हीटर ब्लॉक फिरत होता, आणि ब्लॉकमधून निघणाऱ्या, तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरच्या केसाएवढ्या दोन तारा त्याबरोबर पिळल्या जात होत्या. आणखी एक वेढा बसला असता, तर साध्या नोझलबदलाचे रूपांतर संपूर्ण हॉट एंड बदलण्यात झाले असते.

नवशिक्यांच्या हातून या कामात जे नुकसान होते, ते बहुतेक वेळा असेच होते. म्हणून हा लेख एकाच गोष्टीभोवती लिहिला आहे : नोझलवर लावलेला जोर नोझल आणि ब्लॉक या दोघांमध्येच संपला पाहिजे, तो ब्लॉकच्या पलीकडे जाता कामा नये. खाली दिलेली पद्धत ज्या प्रिंटरमध्ये पितळेचे किंवा पोलादाचे सुटे नोझल ब्लॉकमध्ये आट्यांनी बसते त्यांच्यासाठी आहे. अलीकडच्या काही यंत्रांत नोझल आणि हीट ब्रेक एकसंध असतात व ते अख्खेच बदलायचे असते. त्यांना ही पद्धत लावू नये.

जोर कुठून कुठे जातो

हॉट एंडची रचना खालून वर पाहिली तर आधी नोझल, मग ते ज्यात बसते तो अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, ब्लॉकच्या वर हीट ब्रेक नावाची पातळ नळी आणि सर्वांत वर पंख्याने थंड ठेवलेला, पाकळ्यांचा हीट सिंक, असा क्रम दिसतो. उष्णता वर चढू नये यासाठी हीट ब्रेकची मान मुद्दाम पातळ ठेवलेली असते. ब्लॉक धरून न ठेवता नोझलला पाना लावला, तर तो सगळा पीळ या पातळ मानेवर येतो. मान वाकते किंवा तुटते, आणि ती तुटली नाही तर ब्लॉक तिच्याभोवती फिरून तारा ओढतो. काही स्वस्त यंत्रांत ब्लॉक आणि हीट सिंक यांना जोडणारे दोन बारीक स्क्रू असतात. ते पाहून ब्लॉक पक्का धरलेला आहे असे वाटते, पण ते स्क्रू ब्लॉक जागेवर राहावा एवढ्यापुरते आहेत, अडकलेल्या नोझलचा पीळ सोसण्यासाठी नाहीत.

आता नोझल मुळात अडकते का, तेही पाहू, कारण उपाय त्यावरच ठरतो. नोझलचे वरचे टोक हीट ब्रेकच्या किंवा आतल्या पांढऱ्या पीटीएफई नळीच्या तोंडाशी घट्ट टेकलेले असले पाहिजे. तिथे फट राहिली, तर वितळलेले प्लॅस्टिक दाबाने आट्यांमध्ये शिरते, तिथेच तासन्‌तास भाजले जाते आणि थंड झाल्यावर गोंदासारखे धरून बसते. पुष्कळांचा समज असतो की गरम केल्यावर अ‍ॅल्युमिनियम पितळेपेक्षा जास्त फुगते आणि त्यामुळे नोझल सैल होते. हे खरे आहे, पण फार थोडे खरे आहे. सहा मिलिमीटर व्यासाच्या आट्यावर खोलीच्या तापमानापासून २४० अंशांपर्यंत गेल्यावर दोन धातूंच्या फुगण्यातला फरक मिलिमीटरच्या साधारण दोनशेव्या भागाइतकाच येतो. नोझल सुटते ते मुख्यतः आट्यांतले प्लॅस्टिक मऊ होते म्हणून. त्यामुळे ब्लॉक नुसता “कोमट” करून काही साधत नाही. प्लॅस्टिक वाहते होईल इतके तापमान हवे, आणि ते आट्यांच्या आतपर्यंत पोचायला वेळही हवा.

उलट तापमान वाटेल तितके वाढवताही येत नाही. ज्या यंत्रांत पीटीएफई नळी थेट नोझलपर्यंत येते, त्यांत मी २४० अंशांच्या वर जात नाही. त्यापुढे नळी खराब होऊ लागते आणि २६० च्या पुढे तिच्यातून निघणारी वाफ घातक असते. घरात पिंजऱ्यात लव्हबर्डसारखे पक्षी असतील तर हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण पक्ष्यांना ही वाफ माणसापेक्षा फार लवकर बाधते. काम सुरू करण्याआधी पिंजरा दुसऱ्या खोलीत न्यावा. पूर्ण धातूच्या हॉट एंडमध्ये २६० ते २८० पर्यंत जाता येते. पण दोनशे अंशांच्या पुढे अ‍ॅल्युमिनियम स्वतःच मऊ पडत जाते, म्हणजे ब्लॉकचे आटे गरम असताना अधिक नाजूक असतात. त्यामुळे उष्णता भरपूर आणि जोर मोजका, हा क्रम उलटू देऊ नये.

हत्यारे

नोझलच्या षट्कोनाच्या मापाची, आतून सहाच कोन असलेली सॉकेट घ्यावी. गॅरेजमध्ये तिलाच गोटी म्हणतात. स्वस्त यंत्रांतल्या एमके८ प्रकारच्या नोझलला ६ मिलिमीटरची, तर व्ही६ प्रकारच्या नोझलला ७ मिलिमीटरची गोटी लागते. बारा कोनांची गोटी वापरू नये, कारण ती षट्कोनाच्या कोपऱ्यांवरच टेकते आणि मऊ पितळेचे कोपरे गोल करून टाकते. पक्कड तर मुळीच नको. विद्यार्थ्याने नेमकी तीच वापरली होती आणि त्याच्या नोझलचे चार कोपरे झिजून गुळगुळीत झाले होते.

ब्लॉक धरण्यासाठी मध्यम आकाराचा अ‍ॅडजस्टेबल पाना लागतो. त्याचे जबडे सपाट आणि समांतर असावेत, दात्यांचे नसावेत. याखेरीज जाड चामड्याचे हातमोजे, चश्मा, पितळी ब्रश, कायम शाईचा मार्कर आणि गरम नोझल ठेवायला एक स्टीलची वाटी किंवा फरशीचा तुकडा जवळ ठेवावा. रबराचे वा नायलॉनचे हातमोजे २४० अंशांना वितळून कातडीला चिकटतात, म्हणून ते नकोत. वितळलेले प्लॅस्टिक हातावर पडलेच, तर ते खरवडून काढू नये. तो भाग लगेच नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा आणि डॉक्टरांना दाखवावा.

थंड असताना करायची तयारी

पहिली पायरी यंत्र थंड असतानाच करायची. पंख्याचे आवरण आणि ब्लॉकवरचे सिलिकॉनचे टोपण काढून ठेवावे. नोझलच्या षट्कोनाच्या एका बाजूवरून सुरू करून ब्लॉकच्या खालच्या पृष्ठभागावर जाईल अशी मार्करची एक सरळ रेघ ओढावी. ही रेघ पुढे सगळे सांगते. पाना फिरवल्यावर ती मध्ये तुटली, तर नोझल फिरते आहे. ती न तुटता अख्खी सरकली, तर ब्लॉक फिरतो आहे, आणि त्याच क्षणी थांबले पाहिजे.

त्यानंतर यंत्र सुरू करून स्क्रीनवरचे तापमान पाहावे. आपल्याकडे ते २७ ते ३३ अंशांच्या दरम्यान, म्हणजे खोलीइतकेच दिसायला हवे. तारांना बोटाने अगदी हलकेच हलवावे. आकडा उड्या मारू लागला किंवा स्क्रीनवर `MINTEMP` अशी चूक आली, तर थर्मिस्टरची तार आधीच तुटत आली आहे. अशा वेळी यंत्र तापवू नये. आधी थर्मिस्टर बदलावा, कारण चुकीच्या आकड्यावर विसंबून तापवणे धोक्याचे आहे.

आता हॉट एंड बेडपासून हाताला जागा मिळेल इतका वर न्यावा. नोझलखाली प्लॅस्टिकचा गोळा साचला असेल, तर होमिंग करू नये. गोळा बेडवर आपटतो. त्याऐवजी आहे तिथूनच वर उचलावे. संगणकावरून आज्ञा देत असाल तर पुढील ओळी पुरतात. मात्र वर शंभर मिलिमीटर जागा शिल्लक आहे ना, हे आधी डोळ्यांनी पाहावे.

```
G91
G1 Z100 F600
G90
M107
M109 S240
```

पहिल्या तीन ओळी अक्ष वर नेतात, चौथी प्रिंटवर वारा सोडणारा पंखा बंद करते आणि पाचवी २४० अंश होईपर्यंत थांबते. हीट सिंकचा पंखा मात्र सुरूच राहिला पाहिजे. छताचा पंखा बंद करावा, हेही आवर्जून सांगतो. आपल्याकडे तो बारा महिने फिरत असतो आणि त्याच्या वाऱ्याने उघडा पडलेला ब्लॉक तापमान धरत नाही.

तापल्यावर फिलामेंट बाहेर काढून घ्यावे. आवरण आणि टोपण आधीच काढलेले असल्याने आता साचलेले प्लॅस्टिक लाकडी काडीने सोलून काढता येते. पितळी ब्रश फिरवायचा असल्यास आधी मुख्य स्विच बंद करावा. ब्रशच्या तारा हीटरच्या किंवा थर्मिस्टरच्या उघड्या टोकांना टेकल्या, तर शॉर्टसर्किट होऊन मदरबोर्ड जळू शकतो.

नोझल सोडवणे

तापमान २४० झाल्यावर लगेच पाना लावू नये. किमान पाच मिनिटे थांबावे, म्हणजे आट्यांच्या खोल भागातले प्लॅस्टिकही मऊ होते. या वेळात अ‍ॅडजस्टेबल पाना ब्लॉकच्या ज्या दोन समोरासमोरच्या बाजूंवर तारा नाहीत त्या बाजूंना लावून, जबडे नेमके बसतील असे माप घट्ट करून घ्यावे. जबडे शक्य तितके ब्लॉकच्या पूर्ण उंचीवर बसावेत, पण त्यांच्या कडा तारांना शिवता कामा नयेत.

इथे नवशिक्याला घाबरवणारी एक गोष्ट घडते. थंड पाना ब्लॉकला लागताच तो उष्णता शोषतो आणि स्क्रीनवरचा आकडा भराभर उतरतो. हा उतार काही वेळ भरून निघाला नाही, तर यंत्रातील संरक्षण जागे होते, `THERMAL RUNAWAY` असा संदेश येतो आणि यंत्र हीटर बंद करून थांबते. यात बिघाड काही नाही. संरक्षणाने आपले काम केले. यंत्र पुन्हा सुरू करून पुन्हा तापवावे. आता पाना आधीच गरम झालेला असल्याने आकडा फारसा उतरत नाही. घाईत हे संरक्षण फर्मवेअरमधून बंद करण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो मानू नये, कारण थर्मिस्टर ब्लॉकमधून निसटला तर आग लागण्यापासून वाचवणारी तीच एक सोय आहे.

दिशेबद्दल नीट समजून घेतले पाहिजे, कारण नोझल उलटे लटकलेले असल्याने इथे अनेकांचा गोंधळ होतो आणि ते सोडवण्याऐवजी आवळत बसतात. खालून वर पाहताना नोझल घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवले की सुटते. पण आपण यंत्रासमोर बसून वरून पाहत असतो, तेव्हा हीच हालचाल घड्याळाच्या दिशेने दिसते. हे लक्षात ठेवण्याचा सोपा मार्ग असा : दोन्ही हत्यारांच्या दांड्या आपल्याकडे येतील अशा ठेवाव्यात, ब्लॉकच्या पान्याची दांडी डावीकडे आणि नोझलच्या गोटीची दांडी तिच्या थोडी उजवीकडे, मध्ये साधारण एका हाताच्या मुठीत मावेल एवढेच अंतर. मग दोन्ही दांड्या एका मुठीत धरून कात्री मिटवावी तशा जवळ आणाव्यात. नोझलची दांडी डावीकडे सरकते, ब्लॉकची दांडी उजवीकडे रेटली जाते, आणि दोन्ही जोर एकमेकांना तिथेच छेदतात. हीट ब्रेककडे काही जात नाही. दोन हात दोन टोकांना धरून ओढण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. तारांच्या जागेमुळे दांड्या बाजूला घ्याव्या लागल्या, तर वरून पाहताना नोझलचा पाना घड्याळाच्या दिशेने, एवढे ध्यानात ठेवून तीच मांडणी करावी.

दोन्ही हत्यारे बसली, हाताला पकड आली, की मुठीने जोर देण्याच्या अगदी आधी मुख्य स्विच बंद करावा. पोलादी पान्याचा जबडा चुकून घसरला आणि हीटरच्या तारेला लागला, तरी मग मदरबोर्डला धोका राहत नाही. ब्लॉक लगेच गार होत नाही. साधारण अर्धा मिनिट काम करता येते. तेवढ्यात मूठ हळूहळू आवळावी. झटका देऊ नये आणि दांडीला लोखंडी नळी लावून ती लांब करू नये. दहा सेंटिमीटरच्या दांडीच्या टोकाला तीन किलो वजन टांगले, तर जो पीळ पडतो, तो नोझल नीट आवळण्याएवढा असतो. सोडवताना त्याच्या दीडपट जोर लावूनही काही हलले नाही, तर अजून उष्णता किंवा वेळ कमी पडतो आहे असे समजावे आणि पुन्हा तापवावे. पहिल्या हालचालीला हाताला एक लहानसा “टक्‌” जाणवतो. मार्करची रेघ तुटलेली दिसली, की पुढचे वेढे जवळजवळ बोटाच्या जोराने निघतात. ते पुन्हा जड होऊ लागले, तर रेटू नये. अर्धा वेढा मागे घ्यावे, तापवावे आणि मग पुढे जावे. वाटेतल्या भाजलेल्या प्लॅस्टिकचे कण आट्यांत अडकलेले असतात.

गरम ब्लॉकवर गंज सोडवणारे तेल फवारू नये. ते पेटते आणि प्लॅस्टिकवर त्याचा उपयोगही होत नाही. अ‍ॅसिटोनचेही तसेच : ते एबीएस विरघळवते, पण पीएलए आणि पीईटीजी यांच्यावर त्याची मात्रा चालत नाही. गरम भागाजवळ ते आणूच नये.

कोपरे झिजलेले असतील तर

ऐरोलीच्या त्या विद्यार्थ्याच्या यंत्रावर वरची पद्धत पहिल्या खेपेस लागू पडली नाही, कारण ६ मिलिमीटरची गोटी झिजलेल्या कोपऱ्यांवरून नुसती घसरत होती. अशा वेळी अनेकजण ग्रिप पक्कड लावतात. ती दात रोवून धरते हे खरे, पण तिच्या दाबाने मऊ पितळ चेपते आणि कोपरे आणखी खराब होतात. आम्ही वेगळे केले. यंत्र पूर्ण थंड होऊ दिले, प्लग काढून ठेवला, बेडवर आणि तारांभोवती कागद व चिकटपट्टी लावली म्हणजे पितळेचा भुगा कुठे शिरणार नाही. मग ब्लॉक अ‍ॅडजस्टेबल पान्याने हातात धरून, बारीक सपाट कानशीने षट्कोनाच्या समोरासमोरच्या दोन बाजू प्रत्येकी पाव मिलिमीटर घासल्या. म्हणजे त्या दोन बाजूंमधले माप ६ वरून साडेपाच मिलिमीटरवर आले. साडेपाच का, तर एम३ नटाचा पाना त्याच मापाचा असतो आणि तो प्रिंटरवाल्यांच्या हत्यारांत बहुधा असतोच.

घासताना दर आठदहा फटक्यांनी पाना लावून पाहावा. माप एकदा जास्त घासले गेले, तर परत येत नाही. पाना अगदी कष्टाने, थोडासा घासतच बसावा. सहज बसला तर तो फिरवताना पुन्हा कोपरे खाणार. त्या विद्यार्थ्यानेच कानस धरली होती आणि पाना बसला तेव्हा तो हाताने ओढूनही निघेना, इतकी पकड आली. पुन्हा २४० अंश, पुन्हा पाच मिनिटे, स्विच बंद, मूठ आवळली, आणि नोझल सुटले.

बाहेर आलेल्या नोझलने कारणही सांगितले. त्याच्या आट्यांवर वरपासून खालपर्यंत काळपट तपकिरी प्लॅस्टिक होते, आणि वरच्या सपाट तोंडावर नळी टेकल्याचा गोल ठसा अर्ध्याच भागात उमटला होता. म्हणजे पीटीएफई नळीचे टोक तिरके कापलेले होते आणि एका बाजूने फट राहिली होती. आटे फक्त खालच्या दोनतीन वेढ्यांतच घाण झालेले असते, तर गळती वरून नव्हे, बाहेरच्या गोळ्यातून आत आली असे मानता आले असते. नोझल फेकून देण्याआधी ते उजेडात धरून असे वाचावे.

नोझलचे डोके तुटले तर

जास्त जोर दिल्यास नोझल षट्कोन आणि आटे यांच्यामधल्या गळ्याशी तुटते आणि आट्यांचा तुकडा ब्लॉकमध्ये राहतो. तिथे ड्रिल घेऊन खालून भिडणे टाळावे. ड्रिल पितळेतून सरकून अ‍ॅल्युमिनियमचे आटे खाते. यापेक्षा हळुवार मार्ग असा, की ब्लॉक तापवून तो हीट ब्रेकपासून सोडवावा, मग थंड करून हीटर आणि थर्मिस्टर काळजीने बाहेर काढावेत. आता ब्लॉक मोकळा आहे. बहुतेक ब्लॉकमध्ये वरून खालपर्यंत एकच एम६ आटा असतो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असते तसल्या गरम हवेच्या गनने ब्लॉक तापवावा, तो व्हाइसमध्ये दोन पितळी पट्ट्यांमध्ये हलकेच धरावा, आणि हीट ब्रेक ज्या बाजूने बसतो त्या वरच्या बाजूने एक साधा एम६ बोल्ट आत फिरवत न्यावा. बोल्टचे टोक तुटलेल्या तुकड्याला टेकले, की पुढे फिरवताना तो तुकडा त्याच दिशेने फिरतो आणि खालच्या तोंडातून बाहेर पडतो. ब्लॉकचे आटे इथे फक्त मार्गदर्शक राहतात, त्यांच्यावर ओरखडा येत नाही. बोल्ट टेकल्यावर हाताला कडक वाटला, तर थांबून पुन्हा तापवावे.

यानेही तुकडा निघाला नाही, किंवा निघाल्यावर आट्यांवर चमकदार अ‍ॅल्युमिनियमचे केस निघालेले दिसले, तर तो ब्लॉक वापरू नये. त्यात नवे नोझल बसेल, पण दाब घेणार नाही आणि पुन्हा गळेल. नवा ब्लॉक काही शे रुपयांत मिळतो. त्याच्यासाठी हीट ब्रेक आणि मदरबोर्ड धोक्यात घालणे मला पटत नाही.

परत बसवताना

ब्लॉकचे आटे गरम असतानाच स्विच बंद करून पितळी ब्रशने आतून साफ करावेत. नवे नोझल बोटाने दोनतीन वेढे सहज गेले पाहिजे. पहिल्याच वेढ्याला अडले तर आटे तिरके लागले आहेत, लगेच मागे घ्यावे. नोझल ब्लॉकला टेकेपर्यंत आत न्यावे, मग अर्धा वेढा मागे आणावे, वरून हीट ब्रेक किंवा काटकोनात कापलेली नळी त्याच्यावर घट्ट टेकवावी, आणि शेवटचा आवळ गरम असतानाच, त्याच दोन हत्यारांनी, पण उलट्या दिशेने द्यावा. यासाठी एका बोटाचा दाब पुरेसा होतो. आवळून झाल्यावर नोझलचा षट्कोन आणि ब्लॉक यांच्यामध्ये नखाच्या जाडीची, साधारण अर्धा मिलिमीटरची फट राहिलीच पाहिजे. फट उरली नसेल, तर नोझल ब्लॉकवर टेकले आहे, वरच्या नळीवर नाही, आणि प्लॅस्टिक पुन्हा त्याच वाटेने आट्यांत शिरणार.

त्या विद्यार्थ्याच्या यंत्रावर आम्ही नळीचे टोक नव्या पात्याने सरळ कापले, नोझल बसवले आणि सिलिकॉनचे टोपण मुद्दाम न घालता अर्धा तास एक साधा डबा छापला. ब्लॉकच्या खाली आणि वर, दोन्ही सांध्यांवर, टॉर्च मारून पाहिले. कुठेही ओला चकाकणारा थेंब नव्हता. मग टोपण बसवले आणि तो संध्याकाळच्या ऐरोलीच्या लोकलला प्रिंटर घेऊन गेला.